स्लायडर ठेवावा की काढावा?

आपल्याकडच्या बऱ्याच महाविद्यालयांच्या, पतसंस्थांच्या आणि नगरपालिकांच्या वेबसाइटवर वरच्या बाजूला एक मोठी चित्रपट्टी आपोआप सरकत असते. महाविद्यालयाची असेल तर आधी स्नेहसंमेलन, मग नॅकचं मानांकन, मग संस्थापकांची जयंती, आणि चौथ्या-पाचव्या क्रमांकावर ‘प्रवेश सुरू’. वेबसाइट बनवणारे तिला स्लायडर किंवा कॅरोसेल म्हणतात. जून महिन्यात मोबाइलवर प्रवेशअर्ज शोधणाऱ्या मुलीला हा स्लायडर मदत करतो की तिच्या वाटेत येतो, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, कारण ते मोजता येतं.

अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठात एरिक रनियन यांनी ते मोजलं आणि 2013 साली आकडे जाहीर केले. मुख्यपानावर आलेल्या शंभरांपैकी साधारण एकानेच स्लायडरमधल्या बातमीवर क्लिक केलं होतं. त्या थोड्या क्लिकपैकीही 84 टक्के पहिल्याच चित्रावर होते. उरलेल्या चार चित्रांच्या वाट्याला प्रत्येकी चारेक टक्के आले. म्हणजे दहा हजार लोक आले, तर शेवटच्या चित्रावर चार जण पोचले.

क्लिक झालं नाही तरी निदान लोकांनी पाहिलं तरी असेल, असं वाटू शकतं. त्याच वर्षी जेकब निल्सन यांनी एका चाचणीतला प्रसंग लिहिला. ब्रिटनमधल्या एका बाईंना सीमेन्सच्या वेबसाइटवर एक प्रश्न दिला होता: वॉशिंग मशीनवर काही खास सवलत आहे का? सवलत पानाच्या अगदी माथ्यावर, 98 पॉइंटच्या अक्षरांत लिहिलेली होती. पण ती पट्टी आपोआप सरकत होती. बाईंनी पान धुंडाळलं आणि सवलत त्यांना सापडली नाही. जे हलतं आणि भडक असतं ते जाहिरात असणार, अशी सवय डोळ्यांना लागलेली आहे, त्यामुळे नजर त्याला वगळून पुढे जाते. जे सर्वांत ठळक दिसावं म्हणून वर चढवलं, तेच दिसेनासं होतं.

मोबाइलवर तर अडचण आणखी वाढते, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. संस्थेत बॅनर तयार होतं ते संगणकाच्या मोठ्या पडद्यासाठी, समजा 1920 पिक्सेल रुंद आणि 600 उंच. त्यावर ‘प्रथम वर्ष प्रवेश सुरू, अंतिम तारीख’ वगैरे मजकूर 48 पिक्सेलच्या अक्षरांत टाकला, तर प्राचार्यांच्या दालनातल्या मॉनिटरवर तो झकास दिसतो. तेच चित्र 360 पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर गेलं की पाचपटीहून जास्त आक्रसतं. उंची उरते 112 पिक्सेल आणि अक्षरं 9 पिक्सेलची होतात. अंतिम तारीख वाचायला दोन बोटांनी चित्र मोठं करावं लागतं, आणि तेवढ्यात पाच सेकंद संपून पुढचं चित्र येतं. पाचवं चित्र तर वीस सेकंदांनी उगवणार. शिवाय अशी पाच चित्रं प्रत्येकी 600 केबीची असली, तर मिळून 3 एमबी झाली. गावाकडच्या 4 एमबीपीएसच्या नेटवर ती उतरवायलाच सहा सेकंद जातात. वरचं मोठं चित्र किंवा मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असा गूगलचा निकष आहे.

दृष्टिहीन व्यक्ती स्क्रीन रीडरने पान ऐकते. चित्रात रंगवलेली तारीख तिला ऐकू येतच नाही, कारण चित्राला पर्यायी मजकूर दिलेलाच नसतो. आपोआप सुरू होऊन पाच सेकंदांपेक्षा जास्त हलणारा भाग थांबवायची सोय वाचणाऱ्याला हवी, ही वेबच्या सुगम्यतेच्या जागतिक नियमावलीतली अगदी प्राथमिक पातळीची अट आहे. तरीही थांबवण्याचं बटण असलेला स्लायडर क्वचितच दिसतो.

मात्र नोटर डेमच्या आकड्यांवरून थेट निकाल देणं घाईचं ठरेल. पहिल्या चित्राला जास्त क्लिक मिळाले ते जागेमुळे की त्यातल्या बातमीमुळे? हे कळायला एक सोपी युक्ती आहे. चौथं चित्र आठवडाभर पहिल्या जागी आणा. क्लिक जागेला चिकटून राहिले, तर मागच्या चित्रांना अर्थ नाही. ते चित्राबरोबर सरकले, तर तोच विषय लोकांना हवा आहे, म्हणून त्याला एकट्याला वर कायमची जागा द्या. दोन्ही उत्तरांत फिरण्याची गरज उरत नाही, हे लक्षात घ्या.

दुसरी चूक म्हणजे फक्त स्लायडरवरचे क्लिक मोजणं. महाविद्यालयाला क्लिक नकोत, अर्ज हवेत. म्हणून मोजायचं ते हे: मुख्यपानावर आलेल्यांपैकी किती जण प्रवेशअर्जापर्यंत पोचले? शक्य असेल तर एकाच काळात निम्म्या लोकांना स्लायडर आणि निम्म्यांना स्थिर पान दाखवा. आधीचे पंधरा दिवस आणि नंतरचे पंधरा दिवस अशी तुलना करायची असेल, तर मध्ये बारावीचा निकाल येऊ देऊ नका. निकालाच्या दिवशी गर्दीच वेगळी असते, आणि तिचं श्रेय उगाच नव्या पानाला जातं.

स्लायडर कुठेच चालत नाही असं नाही. साडीच्या दुकानाच्या पानावर एकाच पैठणीचा पदर, काठ आणि बुट्टी दाखवणारी चार चित्रं ग्राहक स्वतः बोटाने सरकवतो. पुढे काय दिसणार हे त्याला ठाऊक असतं आणि ते त्याला हवंही असतं. मुख्यपानावर यातलं काहीच घडत नाही. तिथे स्लायडर येतो तो बहुधा संस्थेच्या बैठकीत: प्रत्येक विभागाला वरची जागा हवी असते, आणि कोणालाच नाही म्हणायचं नसतं. संस्थेची ती अडचण सुटते, पण तिची किंमत पाहुणा मोजतो, आणि मला ते अन्यायाचं वाटतं.

मग त्या जागी काय असावं? 360 रुंदीच्या मोबाइलवर ब्राउझरची पट्टी वगळून साधारण 640 पिक्सेल उंची हाती राहते. सुरुवातीला महाविद्यालयाचं पूर्ण नाव आणि गाव, कारण एकाच नावाची महाविद्यालयं चार तालुक्यांत असतात. त्याखाली एक साधं वाक्य: कला, वाणिज्य आणि विज्ञान, कोणत्या विद्यापीठाशी संलग्न. मग एकच मोठं बटण, ‘प्रथम वर्ष प्रवेशअर्ज’, आणि त्याला लागून अंतिम तारीख, चित्रात नव्हे तर खऱ्या मजकुरात. त्याखाली चार छोट्या जोडण्या: शुल्क, गुणवत्ता यादी, निकाल, फोन. तरीही जागा उरली तर आवाराचा एक खरा, हलका फोटो, आणि तो तळाशी अर्धवट कापलेला दिसू द्या, म्हणजे खाली आणखी काही आहे हे आपसूक कळतं. निल्सन यांच्याच संस्थेने 2018 साली दिलेल्या आकड्यांनुसार वाचणाऱ्याचा पान पाहण्याचा 57 टक्के वेळ पहिल्या पडद्यावर जातो. म्हणजे लोक खाली जातात, पण आधी वर ओळख पटली तर.

ते बटण आणि त्या चार जोडण्या कोणत्या, हे कार्यालयातल्या खिडकीवर बसणाऱ्या लिपिकाला विचारा. दिवसभर फोनवर कोणते प्रश्न येतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं. जून सरला की प्रवेशाच्या बटणाची जागा परीक्षेच्या वेळापत्रकाला द्या.

आणि स्लायडर काढायला व्यवस्थापन तयारच नसेल, तर निदान एवढं करून घ्या: आपोआप फिरणं बंद करा, चित्रं दोनच ठेवा, पहिल्या जागी प्रवेश आणा आणि तारीख चित्राबाहेर मजकुरात लिहा.