ऐंशी टक्क्यांच्या पुढचा वेग

पोलीस भरतीची तयारी करणारा बावीस वर्षांचा एक मुलगा डोळ्यांसमोर आणा. असा मुलगा कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर सापडेल. १६०० मीटर आणि गोळाफेक त्याला जमते, मार्क जातात ते १०० मीटरमध्ये. एका सकाळी तो जीव खाऊन पळतो आणि साठ-सत्तर मीटरवर मांडीच्या मागे कुणी दगड मारला असं वाटून थांबतो. मागे वळून पाहतो तर कुणीच नसतं. पुढचं पाऊल टाकता येत नाही. दोन दिवसांनी गुडघ्याच्या मागे निळं-काळं उतरतं, म्हणजे वर झालेला रक्तस्राव खाली ओघळलेला असतो. हॅमस्ट्रिंग फाटलेली असते.

तिसऱ्या आठवड्यात या मुलाला चालताना काही दुखत नाही. सावकाश पळतानाही दुखत नाही. मग तो पुन्हा १०० मीटर पळतो आणि तीच मांडी, बहुधा त्याच जागी, पुन्हा फाटते. असं का होतं ते समजलं, की चालण्यापासून वेगाच्या धावेपर्यंतचे सगळे टप्पे आपोआप समजतात.

हॅमस्ट्रिंग म्हणजे एक स्नायू नव्हे. आपण ज्या हाडावर बसतो तिथून निघून मांडीच्या मागून गुडघ्याखाली जाणारे तीन स्नायू आहेत. धावताना फाटतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा, बायसेप्स फिमोरिस. तो पाय मागे ढकलताना फाटत असेल असं वाटतं, पण खरा धोका पाय हवेत असताना असतो. मांडी पुढे आलेली असते, नडगी जोरात पुढे फेकली जात असते आणि पाऊल जमिनीला लागण्याच्या जरा आधी या स्नायूला ती नडगी आवरून धरायची असते. म्हणजे तो ताणला जात असतानाच जोर लावत असतो. वेग वाढला की हा आवरण्याचा भार वेगाच्या प्रमाणात वाढत नाही, कमाल वेगाच्या ऐंशी टक्क्यांपुढे तो झपाट्याने चढतो. सावकाश पळण्यात त्यातला फार थोडा भार असतो. म्हणून जॉगिंग दुखलं नाही यावरून वेगाच्या धावेबद्दल काहीच सांगता येत नाही.

पहिले दोन-तीन दिवस काम थोडं असतं: मांडीला दाबपट्टी, दुखणं कमी व्हायला कापडातून बर्फ, लंगडत असेल तर कुबडी. आपल्याकडे या दिवसांत तेल लावून जोरात चोळायची आणि गरम शेक द्यायची सवय आहे. ती टाळावी, कारण आत रक्त साकळत असताना चोळल्याने रक्तस्राव वाढतो. ओढून ताण देणंही नको. स्नायूची तुटलेली टोकं जोडली जायची असतात, ती लांब करायची नसतात.

याच दिवसांत डॉक्टरांना दाखवणं आवश्यक आहे, आणि काही खुणा असतील तर ते त्याच दिवशी व्हावं. बसायच्या हाडापाशीच तीव्र दुखतंय, तिथे खड्डा लागतोय, सगळी मांडी काळीनिळी झाली आहे, गुडघा वाकवायची ताकदच गेली आहे, पायाला मुंग्या येतात, अशा वेळी स्नायूची दोरी, म्हणजे टेंडन, हाडावरून उखडलेली असू शकते. तिथे शस्त्रक्रियेचा विचार पहिल्या काही आठवड्यांतच करावा लागतो. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा असेल तर स्नायूऐवजी हाडाचा कोवळा तुकडाच निघालेला असू शकतो, म्हणून साधा एक्स-रे काढतात. यापुढे जे सांगतोय ते स्नायूच्या मध्यम फाटण्याबद्दल आहे.

विश्रांती किती घ्यायची, यावर डेन्मार्कमध्ये झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मांडीचा किंवा पोटरीचा स्नायू दुखावलेले पन्नास हौशी खेळाडू त्यात होते. अर्ध्यांनी व्यायाम दोन दिवसांनी सुरू केले, अर्ध्यांनी नऊ दिवसांनी. लवकर सुरू केलेले साधारण ६२ दिवसांत न दुखता खेळायला लागले, उशिरा सुरू केलेल्यांना ८३ दिवस लागले. सुरुवातीचा आठवडाभराचा आळस शेवटी तीन आठवडे खाऊन गेला.

लवकर सुरू करायचं म्हणजे पळायचं नव्हे. आपल्या मुलाने तिसऱ्या दिवशी पाठीवर झोपून, गुडघा थोडा वाकवून, टाच गादीत दाबायची आणि पाच-दहा सेकंद धरून सोडायची. सांधा हलत नाही, पण स्नायूला काम मिळतं. दुखण्याला शून्य ते दहा असे गुण दिले तर तीन-चारपर्यंतचं दुखणं चालतं, मात्र ते थांबल्यावर लगेच उतरलं पाहिजे आणि दुसऱ्या सकाळी वाढलेलं नसावं. दुसऱ्या सकाळची ही कसोटी शेवटपर्यंत सोबत राहते. चालणं याच काळात सुरू होतं, आखूड पावलांनी. लंगडत दोन किलोमीटर जाण्यापेक्षा न लंगडता घरातल्या घरात फिरलेलं बरं, कारण लंगडण्याची सवय मागे राहते.

आठवड्याभरात बहुतेकांचं लंगडणं थांबतं. मग दोन्ही पायांवर कंबर उचलायचा ब्रिज आणि त्यानंतर एका पायावरचा. भरभर पंधरा मिनिटं चालून मांडी गप्प राहिली की हलकं जॉगिंग. आपल्या मुलाच्या बाबतीत हे दहाव्या-बाराव्या दिवशी आलं असं धरू. कुणाचं आठव्या दिवशी येतं, कुणाचं अठराव्या. एमआरआयचा अहवाल पाहूनही कोणाला किती दिवस लागतील हे नेमकं सांगता येत नाही. एवढं मात्र खरं, की स्नायूच्या आतून जाणारं टेंडन फाटलं असेल तर वेळ जास्त लागतो आणि पुन्हा फाटण्याची भीतीही जास्त असते.

इथून पुढचा टप्पा सगळ्यांत जास्त चुकवला जातो. दुखणं संपलेलं असतं, पण फाटलेला स्नायू आखडलेला आणि ताणलेल्या स्थितीत कमजोर असतो. म्हणजे हवेतली नडगी आवरायचं जे काम त्याला करायचं आहे, नेमकं तेच त्याला येत नसतं. गुडघा वाकवण्याच्या मशीनवर ताकद वाढवली तरी ही उणीव पुरती भरत नाही. स्वीडनमधल्या फुटबॉल खेळाडूंवर कार्ल आस्कलिंग यांनी केलेला, २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच मुद्द्याचा आहे. स्नायू लांब होत असताना जोर लावायला शिकवणारे व्यायाम केलेले खेळाडू सरासरी २८ दिवसांत परतले, नेहमीचे व्यायाम केलेले ५१ दिवसांत.

त्यांतला एक व्यायाम घरात करता येतो. खुर्ची किंवा कठडा धरून उभं राहायचं. दुखावलेला पाय पुढे, गुडघा जरासा वाकलेला आणि वजन त्याच टाचेवर. दुसऱ्या पायात मोजा घालून तो गुळगुळीत लादीवर सावकाश मागे सरकवायचा, दुखायला लागण्याच्या आधी थांबायचं आणि हातांचा आधार घेऊन परत यायचं. मागे जाताना पुढची मांडी ताणली जात असतानाच शरीर पेलते. जिममध्ये हेच काम वजन घेऊन कमरेतून वाकण्याने होतं. नॉर्डिक व्यायाम शेवटी येतो: गुडघ्यांवर बसायचं, कुणीतरी घोटे धरायचे, आणि पाठ सरळ ठेवून जमेल तितक्या सावकाश पुढे पडायचं. सुरुवातीला चार-पाच वेळाच, कारण दुसऱ्या दिवशी मांडी चांगलीच बोलते.

धावणं या व्यायामांबरोबरच वाढत जातं. त्यासाठी १०० मीटरचा पट्टा तीन भागांत पाडतात. पहिल्या ४० मीटरमध्ये वेग हळूहळू वाढवायचा, मधले २० मीटर तोच वेग टिकवायचा आणि शेवटच्या ४० मीटरमध्ये हळूहळू थांबायचं. सुरुवात निम्म्या वेगाने. त्रास झाला नाही तर दर दोन-तीन बैठकांनी मधला वेग थोडा वाढवायचा. नंतर वेग वाढवायचं आणि थांबायचं अंतर ४० वरून ३०, २० असं कमी करत आणायचं, कारण एकदम वेग घेणं आणि एकदम थांबणं हे दोन्ही सरळ पळण्याहून अवघड असतं. अशी बैठक रोज नको, एक दिवस आड. ७० टक्क्यांपर्यंत मुलं भराभर येतात. ८० नंतर मात्र पायरी लहान करावी लागते, म्हणजे ८५, मग ९०, मग ९५. तिसऱ्या आठवड्यात ज्याला आपण बरे झालो असं वाटलं होतं, त्याच्या पुढे खरं तर आणखी तीन-चार आठवड्यांचं काम पडलेलं असतं. उसेन बोल्टलाही जुलै २०१६ च्या सुरुवातीला, रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, हॅमस्ट्रिंगला पहिल्या दर्जाची, म्हणजे सर्वांत हलकी दुखापत झाली होती. त्याची पुढची शर्यत लंडनला तीन आठवड्यांनी झाली, आणि त्याच्याभोवती डॉक्टर-फिजिओंची फौज होती.

शेवटची परवानगी तारीख बघून देत नाहीत. स्नायू बोटांनी दाबून दुखू नये, दोन्ही मांड्या सारख्याच ताणल्या जाव्यात आणि ताकदीत फारसा फरक नसावा, हे आधी बघतात. मग आस्कलिंग यांचीच एक चाचणी. पाठीवर झोपून, गुडघा पट्ट्याने सरळ बांधून, पाय जमेल तितक्या झटक्यात वर उचलायचा, तीनदा. दुखण्याबरोबर इथे भीतीही विचारतात. 'झटका देताना मन कचरलं' असं खेळाडू म्हणाला तर चाचणी नापास, आणि काही दिवसांनी पुन्हा. मला ही चाचणी आवडते, कारण कचरणारं मन बहुधा स्नायूचंच काहीतरी सांगत असतं आणि आपले प्रशिक्षक नेमकं त्याकडेच 'घाबरू नको रे' म्हणून दुर्लक्ष करतात.

ही चाचणी पास झाल्यावर आपल्या मुलाने पूर्ण वेगाच्या चार-पाच धावा किमान दोन वेगवेगळ्या दिवशी घ्याव्यात, मध्ये दोन दिवस सोडून. त्यानंतर एकदा थकलेल्या पायांनीही पळून बघावं, कारण भरतीच्या मैदानावर ताजे पाय मिळतीलच असं नाही. आधी १६०० मीटर, मग थोडी विश्रांती आणि मग वेळ लावून १०० मीटर. दुसऱ्या सकाळी मांडी मोकळी असेल तर अर्ज भरायला हरकत नाही. नॉर्डिक मात्र आठवड्यातून दोनदा चालूच ठेवायचं, भरती झाल्यावरही.