पाऊण विमा, पाऊण भरपाई

समजा, इचलकरंजीतल्या एका कापड व्यापाऱ्याच्या गोदामाला आग लागली. त्याचा विमा ३ लाखांचा आहे. आगीच्या दिवशी माल किती होता, हे आधी काढावे लागते.

त्यासाठी आगीच्या तारखेपर्यंतचे व्यापार खाते मांडतात. १ एप्रिलचा साठा ३ लाख, त्यानंतरची खरेदी ९ लाख, विक्री १० लाख. मागील वर्षांवरून ढोबळ नफा विक्रीच्या २० टक्के धरला, तर विकलेल्या मालाची मूळ किंमत ८ लाख होते. म्हणजे गोदामात ४ लाखांचा माल होता. त्यातला ४० हजारांचा वाचला, नुकसान ३ लाख ६० हजारांचे.

विद्यार्थी इथेच घसरतात. नुकसान विम्याहून जास्त, म्हणून पूर्ण ३ लाख लिहून मोकळे होतात! पण ४ लाखांच्या मालावर हप्ता ३ लाखांचाच भरला होता. उरलेल्या पाव भागाची जोखीम व्यापाऱ्याची स्वतःची. म्हणून सरासरीच्या कलमानुसार नुकसानीला विम्याच्या रकमेने गुणून एकूण साठ्याने भागायचे. दावा येतो २ लाख ७० हजारांचा.

भाजक म्हणून एकूण साठ्याऐवजी नुकसान घेतले, तर उत्तर नेमके ३ लाख येते. तसे दिसले की भाजक तपासावा. काहीच वाचले नसते, तर मात्र ३ लाख हेच बरोबर उत्तर ठरले असते.