पाइपलाइनची चारी : उक्ती द्यावी की तासावर?



सुरू लागणीचे दिवस जवळ आले की गट कार्यालयात एक प्रश्न हमखास येतो. नाल्याकाठच्या विहिरीपासून शेतापर्यंत पाइपलाइन टाकायची आहे, चारी खोदायला मशीनवाला बोलावला आहे, तो म्हणतो उक्ते द्या, दुसरा म्हणतो तासावर घ्या, तर साहेब, काय करावे? उसाच्या बेण्याबद्दल विचारले तर मी चटकन सांगतो. या प्रश्नाला मात्र मी उलट विचारतो, “जमिनीखाली काय आहे, माहीत आहे का?” कारण सगळा व्यवहार तिथेच अडतो.

काही वर्षांपूर्वी शिंदखेड्याकडच्या एका शेतकऱ्याचे काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिले. त्याचा हिशेब मांडतो. समजायला सोपे जावे म्हणून आकडे गोल केले आहेत. दर तुमच्या गावचे टाकून घ्यावेत.

विहिरीपासून शेतापर्यंत अंतर २,४०० फूट. चारी तीन फूट खोल हवी होती, म्हणजे पुढे खोल नांगरट केली तरी फाळ पाइपाला लागू नये. ठेकेदाराने वरवर पाहिले. सगळीकडे काळी जमीन दिसली. त्याने खोदून व बुजवून फुटाला २२ रुपये असा सरसकट भाव सांगितला. एकूण ५२,८०० रुपये. तासाचा दर तेव्हा १,२०० रुपये होता. घासाघीस करायलाही जागा नाही, मालक खुश झाला. ठरले असे की जेवढी चारी खोदली जाईल तेवढ्याचे पैसे रोज संध्याकाळी द्यायचे.

पहिले १,५०० फूट मऊ माती होती. मशीन तासाला १०० फूट सरकत होते. पुढचे ७०० फूट मुरूम लागला, वेग निम्म्यावर आला, तासाला ५० फूट. आणि मग बांधापलीकडच्या उंचवट्यावर बकेटचे दात खरखरले. मला निरोप आला, “साहेब, खाले काया पाषाण निंघना.” दोनशे फुटांचा तो पट्टा ब्रेकर लावल्याशिवाय फुटेना. ब्रेकरचा तास २,००० रुपये आणि काम तासाला जेमतेम १० फूट.

आता तासाच्या भावाने फुटाची किंमत काढा. माती फुटाला १२ रुपये पडली, मुरूम २४ रुपये, आणि पाषाण २०० रुपये. मातीचे १८,०००, मुरमाचे १६,८०० आणि पाषाणाचे ४०,०००, म्हणजे सगळी चारी ७४,८०० रुपयांचे काम होते. त्यात शेवटचे दोनशे फूट बाकीच्या बावीसशे फुटांपेक्षा महाग.

ठेकेदाराने काय केले? तो गोड बोलून निघून गेला, “ब्रेकर घेऊन येतो” म्हणाला आणि आला नाही. पुष्कळांनी त्याला लबाड म्हटले. मला मात्र मालकाचा करार जास्त दोषी वाटतो. बावीसशे फुटांचे ४८,४०० रुपये त्याला मिळून गेले होते. तासाच्या भावाने ते काम ३४,८०० चे होते. उरलेल्या दोनशे फुटांसाठी त्याला मिळणार होते ४,४०० रुपये आणि खर्च होता ४०,०००. सरसकट भावात सोप्या जमिनीतला नफा पुढच्या पाषाणासाठी राखून ठेवलेला असतो. तो नफा आपणच रोज संध्याकाळी त्याच्या हातात दिला, तर पाषाणापाशी उभे राहायला त्याला कारण काय उरते? उक्त्यात जोखीम ठेकेदाराची, हे कागदावर खरे आहे. पण एका मशीनच्या हप्त्यावर जगणारा माणूस ती जोखीम पेलू शकत नाही, आणि पेलवली नाही की ती परत आपल्याच दारात येते.

शेवटी घाईने ब्रेकर तासावर आणला. एकूण गेले ८८,४०० रुपये. त्यात तीन आठवडे मोडले, पाइप उन्हात पडून राहिले आणि लागण लांबली ती वेगळीच.

हा पाषाण तिथे आला कुठून, हेही समजून घ्यावे. धुळे-नंदुरबार पट्ट्यात काळ्या दगडाच्या भिंतीसारख्या उभ्या पट्ट्या जमिनीतून मैलोन् मैल गेल्या आहेत. लाव्हारस भेगांतून वर येताना तिथेच गोठला, त्याच्या या पट्ट्या. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. त्यांतल्या बऱ्याच साधारण पूर्व-पश्चिम धावतात. कुठे त्या टेकडीच्या कण्यासारख्या वर दिसतात, कुठे दोन फूट मातीखाली दडलेल्या असतात. आपली पाइपलाइन दक्षिणोत्तर जात असेल तर ती अशा पट्टीला आडवी छेदण्याचा संभव जास्त. उलट तापीकाठी चोपडा, यावल, रावेर भागात नदीच्या गाळाची जमीन खोल आहे, तिथे तीन फुटांत सहसा दगड लागत नाही. म्हणून यावलच्या पाहुण्याने चारी उक्ती देऊन पैसे वाचवले, एवढ्यावरून साक्रीच्या माणसाने तसेच करू नये.

तर मग करावे काय? प्रथम फक्की मारून चारीची ओळ आखून घ्यावी आणि मशीन फक्त तीन तासांसाठी, तासावर, बोलवावे. दर दोनशे फुटांवर एक याप्रमाणे बारा-तेरा खड्डे चारीइतके खोल घ्यावेत. जिथे वर दगड डोकावतो किंवा जमीन एकदम चढते तिथे एखादा जास्त. खर्च ३,६०० रुपये. बकेटने उचलले जाते ती माती किंवा मुरूम, बकेटचे दात नुसते घासतात तो पाषाण, अशी सोपी खूण ठेवावी आणि प्रत्येक खड्ड्यापाशी खुंटी ठोकून वहीत लिहावे. त्या शेतकऱ्याने हे केले असते तर आणखी एक वाट मोकळी होती. पाषाणावर नांगर चालत नाही, तेव्हा तिथे दीड फूटच खोदून पाइपावर काँक्रीट टाकले तरी चालते. ब्रेकरचे तास जवळजवळ निम्मे होतात. पण हे करार होण्याआधी कळले तर उपयोगी.

खड्डे झाले की काम तोडून द्यावे. मातीला फुटाचा एक दर, मुरमाला दुसरा, आणि पाषाण ब्रेकरने तासावर. ही काही माझी युक्ती नव्हे. १९७२ च्या दुष्काळात आणि १९७७ साली कायदा झाल्यावर रोजगार हमीच्या कामांवर ज्यांनी माती उपसली, त्या जुन्या माणसांना आठवत असेल. मजुरी खोदलेल्या कामाच्या मोजमापावर निघे, आणि माती, मुरूम, खडक यांचे दर वेगळे असत. खोली मोजता यावी म्हणून मधेमधे न खोदलेला मातीचा खुंट ठेवीत. आपणही मोजमाप जागेवर चारीत घ्यावे, बाहेरच्या ढिगाचे घेऊ नये. खोदलेला माल फुगतो, मुरूम साधारण सव्वापट तर फोडलेला दगड दीडपट दिसतो. ब्रासवर सौदा असेल आणि ट्रॉली मोजली, तर आपण हवेचेही पैसे देतो.

वरच्याच कामाला हे लावून पाहू. माती फुटाला १३, मुरूम २६ असा दर दिला तर ३७,७०० रुपये, पाषाणाचे ४०,०००, खड्ड्यांचे ३,६००. एकूण ८१,३००. कोणी म्हणेल, सगळेच तासावर दिले असते तर ७४,८०० त भागले असते. खरे आहे, पण एकही तास वाया गेला नाही तरच. माती-मुरमाचे काम २९ तासांचे होते. त्यातले सहा तास जरी इकडे-तिकडे गेले तरी ७,२०० रुपये गेले आणि बचत संपली. तेव्हा घरचा माणूस तीन-चार दिवस मशीनजवळ उभा राहणार असेल तर तासावर द्यावे. सगळे जण तोडीच्या फडात गुंतलेले असतील तर फुटावर द्यावे. उक्त्यात काम मोजायचे असते आणि तासावर वेळ मोजायची असते, आणि दोन्ही मोजायला माणूस लागतो. तो कोणता आपल्याकडे आहे ते आधी पाहावे.

तासाचे काम असेल तर मशीनवरचे मीटर इंजिन चालू असेपर्यंत फिरते, बकेट हलो की न हलो, हे लक्षात असू द्यावे. चालक चहा पीत असेल आणि इंजिन घरघरत असेल तर तो चहा आपल्या खर्चाने. प्रत्येक शंभर फुटांच्या खुंटीपाशी मीटरचा आकडा लिहावा. बाहेर पडणारी माती तीच आणि शंभर फुटांना मात्र तासाऐवजी दीड तास लागला, तर लगेच विचारावे, संध्याकाळी नाही. ब्रेकरला मर्यादा बांधावी, जसे “वीस तास झाले की मला विचारल्याशिवाय पुढे नाही.” मशीन आणण्या-नेण्याचे भाडे आणि चालकाचा भत्ता कोणाकडे, हे आधीच बोलून घ्यावे.

पाइपाचे काय? मालासकट उक्ते देणे सोयीचे वाटते, पण चारी बुजल्यावर आत कोणता पाइप गेला ते कोणाला दिसणार? ठरलेल्या रकमेत ठेकेदाराचा नफा वाढण्याची सोपी जागा म्हणजे सहा किलो दाबाच्या जागी चार किलोचा पाइप. बाहेरून दोघांचा व्यास एकच असतो, फरक जाडीत असतो. म्हणून माझे मत असे की पाइप स्वतः घ्यावेत आणि खोदाई-जोडणी तेवढी बाहेर द्यावी. मालासकट द्यायचेच असेल तर चिठ्ठीत व्यास, किलोचा दाब, आयएसआय खूण आणि नग लिहावेत. वीस फुटांचा नग धरला तर आपल्या लाइनला १२० नग. पाइपावर छापलेले असते ते चारीत टाकण्यापूर्वी वाचावे.

पैसे देण्याच्या बाबतीत एकच गोष्ट सांगतो. रोजच्या रोज पूर्ण पैसे देऊ नयेत. मोजमापाच्या पाचातला एक भाग मागे ठेवावा आणि अवघड पट्टा शक्यतो आधी काढायला लावावा. पाइप जोडल्यावर मधली माती टाकावी, सांधे मात्र उघडे ठेवून पंप चालवावा. सांधा गळत असेल तर तेव्हाच दिसतो. राखून ठेवलेली रक्कम पहिले पाणी शेताच्या टोकाला पोहोचल्यावर द्यावी, आणि हे सगळे दोघांच्या सहीच्या एका चिठ्ठीवर असावे. ज्यांच्या लाइनची आखणी झाली आहे त्यांनी खड्ड्यांची वही घेऊन गट कार्यालयात यावे, मुरूम आणि पाषाणाचे फूट काढून दर कसे मांडायचे ते सोबत बसून करू.

— ऊस विकास अधिकारी