"मॅडम, सगळेच खोटे आहेत!" : नववीच्या वर्गासाठी तीन तासिका

पीएचडीच्या कामातून वेळ काढून गेल्या वर्षी तासगाव भागातल्या एका शाळेत नववीच्या मुलांना सायबर सुरक्षा शिकवायला गेले. मेसेजचे आठ नमुने छापून नेले होते: केवायसी संपली, लॉटरी लागली, वीज आज रात्री तोडणार वगैरे. खरा कुठला, खोटा कुठला ते मुलांनी सांगायचं. पोरांनी आठच्या आठ बरोबर ओळखले आणि मी खूश होऊन घरी आले.

पंधरा दिवसांनी त्यातला एक मुलगा भेटला. वडिलांच्या मोबाईलवर द्राक्षबागेच्या नुकसानीच्या अनुदानाचा मेसेज आला होता, केंद्रावर जाऊन केवायसी करा म्हणून. यानं तो "फ्रॉड आहे पप्पा" म्हणून डिलीट केला. मेसेज खरा होता. तलाठ्यांकडच्या यादीत नाव दिसलं म्हणून काम निभावलं, नाहीतर अनुदान अडकलंच असतं.

चूक माझी होती. माझे आठही नमुने खोटे होते. त्यामुळे खरं-खोटं ओळखण्याऐवजी मुलं "सगळ्याला खोटं म्हणायचं" एवढंच शिकली. संशोधनात हा प्रश्न जुनाच आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या गटानं 2007 मध्ये 'अँटी-फिशिंग फिल' नावाचा खेळ तयार केला. फिल नावाचा छोटा मासा चांगल्या आणि गळाला लावलेल्या अळ्या ओळखायला शिकतो, आणि प्रत्येक अळीवर एक वेबपत्ता असतो. त्या गटातले पोन्नुरंगम कुमारगुरू आता हैदराबादच्या आयआयआयटीत शिकवतात. खेळात चांगल्या अळ्या आहेत हे महत्त्वाचं, कारण मासा सगळंच नाकारत बसला तर उपाशी मरेल.

म्हणून माझी आताची पहिली तासिका अशी असते. दहा मेसेज, पाच खरे आणि पाच खोटे, क्रम कसाही. किती खरे आहेत ते आधी सांगायचं नाही. मुलांनी जोडीनं बसून ठरवायचं आणि कशावरून ठरवलं ते एका ओळीत लिहायचं. गुण देताना दोन रकाने करायचे: खोटे किती पकडले, आणि खरे किती ओळखले. एखाद्या जोडीला पाचपैकी पाच खोटे सापडले पण खऱ्यातला एकच ओळखता आला, तर त्यांचे सहा गुण. दोन्हीकडे चार-चार बरोबर आले, तर आठ. पहिली जोडी हुशार नाही, घाबरलेली आहे. एकच बेरीज दिली तर हे दिसत नाही, म्हणून रकाने वेगळे ठेवा.

"कशावरून" या प्रश्नाला "मॅडम, स्पेलिंग चुकलंय" असं उत्तर हमखास येतं. ते मी मान्य करत नाही. आजकाल फसवणारे शुद्ध मराठीत लिहितात, आणि आपल्या खऱ्या सरकारी मेसेजमध्येही चुका असतात. त्यापेक्षा तपासता येतील अशा दोन खुणा शिकवते. एक म्हणजे पाठवणारा. बँकेचा किंवा सरकारी एसएमएस दहा आकडी मोबाईल नंबरवरून येत नाही, त्याला अक्षरांचं नाव असतं आणि 2025 पासून शेवटी `-S`, `-T`, `-G` किंवा `-P` लागतं. G म्हणजे सरकारी, P म्हणजे जाहिरात. दुसरी खूण वेबपत्ता. रिझर्व्ह बँकेनं बँकांना `.bank.in` वर यायला सांगितलं आहे. फळ्यावर दोन काल्पनिक पत्ते लिहा:

```
majhi.bank.in/kyc
majhi.bank.in.kyc-help.top/login
```

दुसराही बँकेचाच वाटतो. पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत जायचं आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचायचं. मालक `kyc-help.top` आहे, आधीचं सगळं नुसती सजावट. आपलं पत्र जसं शेवटच्या तालुका-जिल्ह्यावरून पोचतं, तसंच हे.

आता ज्या फसवणुकीत मेसेजच नसतो ती. यासाठी वर्गात छोटं नाटक करतो. एक मुलगी बेदाणा विकणारी, एक मुलगा बाहेरगावचा व्यापारी. व्यापारी म्हणतो, "काकू, आगाऊ पाच हजार पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका, पैसे जमा होतील." इथे नाटक थांबवून विचारायचं: पिन कशाला लागतो? यूपीआय पिन ही खात्यातून पैसे जाण्यासाठी दिलेली सही आहे (शिल्लक बघतानाही लागते). पैसे येण्यासाठी कधीच लागत नाही. पूर्वी मी 'कलेक्ट रिक्वेस्ट'चा स्क्रीन दाखवायचे, पण व्यक्ती-व्यक्तींमधली ती सोय ऑक्टोबर 2025 मध्ये बंद झाली आणि माझी स्लाइड जुनी झाली. पिनचा नियम मात्र तसाच आहे. स्क्रीन शिकवू नका, पिन शिकवा.

दुसरी तासिका पासवर्डची. "तुमचा पासवर्ड सांगा" असं वर्गात कधीही म्हणायचं नाही. पासवर्ड कसा बनवता ते चिठ्ठीवर निनावी लिहून घ्यायचं. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच पाककृती निघते: नाव, मग @, मग 123 किंवा जन्मसाल. आता गणित. पाचशे नेहमीची नावं, तीस शेपट्या, पहिलं अक्षर मोठं किंवा छोटं, म्हणजे 500 × 30 × 2 = 30,000. संगणकाला हे काहीच नाही.

उपाय म्हणून फाशांनी शब्द निवडायला लावले. फळ्यावर 36 शब्द, दोन फासे, चार वेळा टाकायचे: `peru vihir riksha bedana`. छान लांबलचक पासवर्ड! तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पण यादी चोराकडे असली तर?" बरोबर होतं. 36 चा चौथा घात 16,79,616. सतरा लाखसुद्धा नाही. आठ छोटी अक्षरं खरोखर फाशानं निवडली तर 20,000 कोटींहून जास्त शक्यता होतात. पासवर्डचं बळ लांबीत नाही, किती गोष्टींतून निवडलं त्यात असतं. म्हणून आता घरी चार फासे टाकून 1,296 शब्दांच्या यादीतून शब्द घ्यायला सांगते. चार शब्द घेतले तर 2 लाख 82 हजार कोटी. एखाद्या साइटनं पासवर्ड निष्काळजीपणे साठवले आणि ते फुटले, तर यालाही मर्यादा आहे, तेव्हा ईमेलसाठी पाच शब्द. आणि ईमेलचा पासवर्ड दुसरीकडे कुठेच वापरायचा नाही, कारण बाकी सगळे पासवर्ड 'विसरलो' म्हटलं की तिथेच येतात.

तिसरी तासिका सेटिंग्जची, आणि ती वर्गात होत नाही. बऱ्याच घरांत फोन एकच, तोही पप्पांचा, त्यातच यूपीआय आणि त्यातच मुलांचा गेम. म्हणून तो गृहपाठ, मोठ्या माणसाला शेजारी बसवून. तीन गोष्टी बघायच्या. व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी काही आहे का. प्रोफाइल फोटो फक्त ओळखीच्यांना दिसतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुठल्या ॲपला एसएमएस वाचायची परवानगी आहे. लग्नपत्रिका किंवा चलन म्हणून `.apk` फाइल येते, ती उघडली की हीच परवानगी मागते. ती मिळाली की ओटीपी कुणाला सांगावाच लागत नाही, ॲप स्वतःच वाचतं. पत्रिकेला आपले एसएमएस कशाला हवेत, हा प्रश्न मुलं स्वतःहून विचारतात.

गृहपाठाच्या वहीत शेवटी 1930 हा नंबर आणि `cybercrime.gov.in` लिहून घेते. पैसे गेले तर लगेच फोन, सोबत व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. पहिल्या तासा-दोन तासांत पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त असते. एका मुलीनं विचारलं, "आणि मॅडम, चूक आपलीच असली तर?" तरीही लगेच सांगायचं, म्हटलं. पुढच्या वेळी पालकसभेत हीच गोष्ट आधी पालकांना सांगितली, की पोरगं सांगायला आलं तर पहिला फोन 1930 ला, ओरडायचं नंतर.