पिवळ्या रंगाचे मोजमाप

एलायझा चाचणीची प्लेट तळहाताएवढी, पारदर्शक पॉलिस्टायरिनची असते. तिच्यात ८ ओळी आणि १२ स्तंभांत मिळून ९६ छोटे खळगे असतात. प्रयोगशाळेच्या भाषेत त्यांना वेल म्हणतात. चाचणी संपते तेव्हा काही वेलमधले पाणी गडद पिवळे, काहींतले फिकट आणि काहींतले जवळजवळ रंगहीन दिसते. रक्तातली अमुक गोष्ट किती आहे, हे या पिवळेपणावरून सांगायचे असते. त्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात. रंग नेमका कोणामुळे आला हे वेलमधल्या मांडणीवरून कळते, आणि तेवढा रंग म्हणजे किती पदार्थ हे स्टँडर्ड कर्व्हवरून.

ही पद्धत १९७१ साली पुढे आली. स्टॉकहोम विद्यापीठात एव्हा एंगव्हाल आणि पीटर पेर्लमान यांनी, तर नेदरलँड्समध्ये अँटोन स्खूर्स आणि बाऊके व्हान वीमेन यांनी ती स्वतंत्रपणे विकसित केली. त्याआधी असे मोजमाप किरणोत्सारी खूण लावून होत असे. या चौघांनी किरणोत्सारी अणूच्या जागी एन्झाइमची खूण लावली. एन्झाइमचा एक रेणू रंगाचे हजारो रेणू तयार करू शकतो, म्हणून अगदी थोडा पदार्थही डोळ्याला दिसू लागतो.

मांडणीचे मुख्य प्रकार दोन, सँडविच आणि इनडायरेक्ट. कोविडच्या काळात एकाच रुग्णाच्या सीरमवर दोन्ही करता येत होत्या, आणि त्यातून मिळणारी उत्तरे अगदी निराळ्या प्रश्नांची होती. शरीरात दाह किती भडकला आहे हे पाहायला इंटरल्यूकिन-६ नावाचे प्रथिन मोजले जाई. ते सँडविच एलायझाने मोजता येते. संसर्ग होऊन गेला आहे का, हे पाहायला विषाणूविरुद्धच्या आयजीजी अँटिबॉडी शोधल्या जात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० साली विकसित केलेली ‘कोविड कवच’ ही चाचणी या दुसऱ्या, म्हणजे इनडायरेक्ट प्रकारातली.

सँडविचमध्ये मोजायचा पदार्थ दोन अँटिबॉडींच्या मधे धरला जातो. इंटरल्यूकिन-६ पकडणारी पहिली अँटिबॉडी रात्रभर वेलच्या तळाला चिकटवून ठेवतात. तळाची उरलेली रिकामी जागा बोव्हाइन अल्ब्युमिनसारख्या निरुपद्रवी प्रथिनाने भरून टाकतात, नाहीतर पुढचे सगळे तिथेच चिकटत बसेल. मग सीरम घालतात. त्यातले इंटरल्यूकिन-६ तेवढे अडकते आणि बाकीचे धुऊन जाते. त्यावर दुसरी अँटिबॉडी येते. ती त्याच प्रथिनाला पकडते, पण दुसऱ्या ठिकाणी. पहिलीने झाकलेली जागा तिला नकोच असते. या दुसरीवर हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज हे एन्झाइम बसवलेले असते. पुन्हा धुतल्यावर टीएमबी नावाचे रंगहीन द्रावण घातले, की जिथे एन्झाइम आहे तिथे निळा रंग चढू लागतो. पंधरा-वीस मिनिटांनी सौम्य सल्फ्युरिक आम्ल घालून क्रिया थांबवतात आणि निळ्याचे पिवळे होते. दोन वेगवेगळ्या अँटिबॉडींनी ओळखल्याशिवाय रंग येत नाही, ही सँडविचची खरी ताकद. दुसरी बाजू अशी, की दोन अँटिबॉडी एकाच वेळी बसतील एवढा पदार्थ मोठा असावा लागतो. कॉर्टिसॉलसारख्या चिमुकल्या रेणूला दोघींपुरती जागाच नसते. त्याच्यासाठी वेगळी, स्पर्धात्मक मांडणी करतात.

इनडायरेक्टमध्ये गोष्ट उलटी. इथे तळाला विषाणूचे प्रथिन, किंवा ‘कवच’मध्ये होता तसा निष्क्रिय केलेला विषाणूच, चिकटवलेला असतो. रुग्णाच्या सीरममध्ये त्याविरुद्धच्या अँटिबॉडी असतील, तर त्या त्याच्यावर बसतात. मग एन्झाइम लावलेली दुसरी अँटिबॉडी घालतात. ही विषाणूला ओळखत नाही. ती मानवी आयजीजीला, कोणत्याही मानवी आयजीजीला ओळखते. सोय मोठी, कारण एकच एन्झाइम लावलेली अँटिबॉडी डेंग्यू, कोविड, रुबेला अशा कितीतरी चाचण्यांत चालते. पण गडबडही तिथेच होते. माणसाच्या सीरममध्ये मिलिलिटरला सुमारे १० मिलिग्रॅम आयजीजी असते आणि त्यातले फारच थोडे या विषाणूविरुद्धचे असते. उरलेल्यातले थोडेसे जरी उगाच तळाला चिकटून राहिले, तरी दुसरी अँटिबॉडी त्यालाही रंग देते. म्हणून या चाचणीत सीरम बहुधा शंभर पट विरल करून घेतात, आणि धुण्यात घाई केलेली इथे जास्त महाग पडते.

आता रंगाचे आकड्यात रूपांतर. प्लेट रीडर प्रत्येक वेलमधून ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडतो आणि किती पलीकडे पोचला ते पाहतो. उत्तर ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे ओडी, या मापात येते. ओडी १ म्हणजे प्रकाशाचा दहावा भाग पार झाला, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा. त्यामुळेच ३ च्या वरचे आकडे बरेचसे यंत्राच्या गोंगाटाचेच असतात. ओडी कळली, तरी प्रमाण कळलेले नसतेच. खोली दोन अंश उबदार असली, टीएमबी दोन मिनिटे जास्त राहिले, एन्झाइमची बाटली जुनी झाली, तरी त्याच नमुन्याचा रंग बदलतो. यावरचा उपाय साधा आहे. प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने त्याच प्लेटवर, त्याच वेळी, त्याच हातांनी चालवायचे. जे बरेवाईट होईल ते दोघांच्या वाट्याला सारखेच येते. कालच्या प्लेटचा कर्व्ह आजच्या प्लेटला लावणे म्हणजे कालच्या सूर्यावर आजचे घड्याळ लावणे.

इंटरल्यूकिन-६ साठी समजा पहिल्या नळीत मिलिलिटरला ५०० पिकोग्रॅम शुद्ध प्रथिन घेतले. (एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग.) त्यातला अर्धा मिलिलिटर काढून तितक्याच द्रवात मिसळला की २५०, त्यातून पुन्हा तसेच केले की १२५, अशी निम्म्या-निम्म्याने उतरत सात नळ्यांची मालिका ७.८ पर्यंत जाते. आठवी नळी शून्याची. उदाहरणादाखल, प्लेट वाचल्यावर असे आकडे आले: शून्याला ०.०५, ६२.५ ला ०.५७, १२५ ला ०.९३, २५० ला १.४१ आणि ५०० ला १.९३. प्रमाण दुप्पट होत गेले, पण रंग दुप्पट झाला नाही. तळाच्या नळ्यांत तो जवळपास दुप्पट होतो. वर जाताना मात्र वाढ मंदावते, कारण तळाच्या अँटिबॉडी हळूहळू भरत येतात आणि येणाऱ्या प्रथिनाला जागा कमी पडते. आडव्या अक्षावर प्रमाणाचे लॉगरिदम मांडून आलेख काढला, तर तो ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखा दिसतो: खाली सपाट, मधे चढ, वर पुन्हा सपाटीकडे झुकलेला.

या वळणाला संगणक चार आकड्यांनी बांधतो. तळाची सपाटी, वरची सपाटी, दोन्हींच्या बरोबर मधला बिंदू ज्या प्रमाणाला येतो ते प्रमाण, आणि चढाचा तीव्रपणा. यालाच फोर-पॅरामीटर लॉजिस्टिक म्हणतात. वरच्या प्लेटसाठी तळ ०.०५, माथा ३.०५, मधला बिंदू ३०० पिकोग्रॅम आणि तीव्रपणा १ असे हे चार आकडे येतात. आता रुग्णाचे सीरम चार पट विरल करून दोन वेलमध्ये घातले आणि ओडी ०.७४ व ०.७८ आली, म्हणजे सरासरी ०.७६. आलेखावर उभ्या अक्षाच्या ०.७६ पासून आडवे जाऊन वळणाला टेकायचे आणि तिथून खाली उतरायचे: उत्तर ९३ पिकोग्रॅम. सीरम चार पट विरल होते, म्हणून मूळ प्रमाण ९३ गुणिले ४, म्हणजे ३७२. ही शेवटची गुणाकाराची पायरी विसरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. अनुभवी लोकही कधीकधी ती करतात.

वळणाऐवजी कोणी शून्य आणि ५०० हे दोन बिंदू पट्टीने जोडले असते, तर त्याच ०.७६ चे उत्तर सुमारे १८९ आले असते. म्हणजे दुप्पट, आणि ते पाहून कोणालाही शंका आली नसती.

वळणाच्या टोकांना तर अधिकच सांभाळावे लागते. समजा एखाद्या रुग्णाची ओडी २.८ आली. सर्वांत तीव्र स्टँडर्ड १.९३ वर थांबले आहे, तरी वरचे चार आकडे वापरून संगणक बिनदिक्कत ३३०० असे उत्तर काढील. ओडी २.९ असती तर तोच ५७०० सांगेल. रंगातल्या ०.१ च्या फरकाने जिथे उत्तर इतके उडी मारते, तिथे त्या उत्तराला अर्थ नाही. अशा वेळी नमुना आणखी विरल करून पुन्हा चालवायचा असतो. अहवालात ‘५०० पेक्षा जास्त’ असे लिहिणे तात्पुरते चालेल, ३३०० असे छापणे चालणार नाही.

काही चुका कर्व्ह लपवतो. पहिल्या नळीत प्रथिन चुकून निम्मेच पडले, तर त्यातून निघालेल्या सगळ्याच नळ्या निम्म्या होतात. आलेख तितकाच देखणा येतो आणि प्रत्येक रुग्णाचे उत्तर दुप्पट निघते. हे पकडण्यासाठी प्रमाण माहीत असलेला, पण स्टँडर्डच्या मालिकेशी संबंध नसलेला कंट्रोल नमुना प्लेटवर ठेवतात. तो आपल्या ठरलेल्या पट्ट्याबाहेर गेला, की सबंध प्लेट रद्द. दुसरी गडबड सीरममधून येते. काही रुग्णांच्या रक्तात, उदाहरणार्थ संधिवाताच्या घटकामुळे, मधे इंटरल्यूकिन-६ नसतानाही सँडविचच्या दोन अँटिबॉडी एकमेकींना जोडल्या जातात आणि खोटा रंग येतो. त्याची परीक्षा विरलनाने होते. सीरम दुप्पट विरल केल्यावर आकडा नेमका निम्मा झाला, तर रंग बहुधा खऱ्या प्रथिनाचाच. तसा तो उतरला नाही, तर वेलमध्ये दुसरेच काही घडत आहे.

इनडायरेक्टला हाच कर्व्ह जसाच्या तसा लागू होत नाही. इंटरल्यूकिन-६ चा प्रत्येक रेणू सारखा असतो, म्हणून त्याचे शुद्ध स्टँडर्ड करता येते. रुग्णाच्या अँटिबॉडी मात्र शेकडो प्रकारच्या असतात. काही घट्ट बसतात, काही सैल, आणि प्रत्येक माणसात हे मिश्रण वेगळे. अशा मिश्रणाचे पिकोग्रॅम मोजण्यात अर्थ नसतो. म्हणून ‘कवच’सारख्या चाचणीत ओडी कट-ऑफशी ताडून ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देतात. आकडा हवाच असेल, तर सगळ्यांनी मान्य केलेले एक संदर्भ सीरम घेऊन त्याच्या मालिकेवरून कर्व्ह काढावा लागतो. कोविडच्या अँटिबॉडींसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये असे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड निश्चित केले, आणि त्यावरून अहवालांत ‘बीएयू प्रति मिलिलिटर’ हे एकक आले. ते वजन नव्हे. त्या एका संदर्भ नमुन्याच्या तुलनेत रुग्णाचा रंग कुठे पडतो, एवढेच ते सांगते. त्यामुळे स्पाइक प्रथिनाची प्लेट आणि सबंध विषाणूची प्लेट यांवरून आलेले त्याच माणसाचे बीएयू वेगळे निघू शकतात, आणि दोन्ही चाचण्या नीट केलेल्या असू शकतात.