आधी पर्याय वाचा

बँकेच्या परीक्षेत प्रश्न येतो: ३९९ × ५१ ÷ १९. पर्याय ५७१, १०७१, २१४२ आणि १०७१०. गुणाकार मांडण्याआधी पर्यायांमधलं अंतर पाहा. ४०० गुणिले ५० म्हणजे २०,०००, भागिले २० म्हणजे १०००. बाकीचे तिन्ही पर्याय तिथेच बाद होतात.

चूक होते ती दिशेची. ५१ चे ५० केल्याने उत्तर सुमारे दोन टक्क्यांनी घटलं. भाजक १९ चा २० केल्याने आणखी पाच टक्क्यांनी घटलं, कारण भाजक वाढला की उत्तर कमी होतं. म्हणजे खरं उत्तर हजाराच्या साधारण सात टक्के वर. पर्यायांत १०५१ही असता, तर मात्र अंदाजावर विसंबू नये. १९ ने ३९९ ला भागून २१ काढावेत आणि ५१ ने गुणावं.