तीन कलमे निघाली की कंपनी पब्लिक

शेअर बाजारात उतरायचे, तर कंपनी आधी पब्लिक लिमिटेड असावी लागते. झोमॅटोचे शेअर २३ जुलै २०२१ रोजी बाजारात नोंदले गेले. त्याआधी, ९ एप्रिलला, तिच्या नावातला ‘प्रायव्हेट’ हा शब्द गळला होता. छोट्या उद्योगांसाठी शेअर बाजारांनी वेगळे विभाग काढल्यापासून तालुक्याच्या गावातल्या घरगुती कंपन्यांनाही ही पायरी चढावी लागते. पब्लिक होणे आणि बाजारात नोंद होणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. पब्लिक झालेली कंपनी शेवटपर्यंत बाजाराबाहेर राहू शकते.

कंपनी प्रायव्हेट ठरते ती तिच्या आर्टिकल्समुळे, म्हणजे अंतर्गत नियमावलीमुळे. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार या नियमावलीत तीन बंधने असावी लागतात. शेअर हस्तांतरावर मर्यादा हवी. सभासद दोनशेच्या वर जाता कामा नयेत. आजी कर्मचारी आणि नोकरीत असताना शेअर घेतलेले माजी कर्मचारी यांत मोजले जात नाहीत. आणि लोकांना शेअर वा रोखे घेण्याचे जाहीर आवाहन करायला मनाई हवी. कायद्याचे १४वे कलम सांगते, की ही बंधने नियमावलीतून काढली, की दुरुस्तीच्या तारखेपासूनच कंपनी प्रायव्हेट राहत नाही. म्हणून सगळी तयारी सभेच्या आधी झालेली बरी.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगलीत हळदीवर प्रक्रिया करणारी एक कंपनी आहे. भांडवल १ कोटी रुपये, दहा रुपयांचे १० लाख शेअर. थोरल्या भावाकडे ५ लाख, धाकट्याकडे ३ लाख, बहिणीकडे २ लाख. संचालक दोघे भाऊ.

पब्लिक कंपनीला किमान सात सभासद आणि तीन संचालक लागतात. इथे चार सभासद कमी पडतात. थोरल्याने आपल्यातले शंभर-शंभर शेअर स्वतःची पत्नी, भावजय, मेहुणे आणि जुने हिशेबनीस यांना दिले, की सात भरतात. दोघांनी मिळून संयुक्त नावाने घेतलेला शेअर एकच सभासद देतो, हे इथे विसरून चालत नाही. हिशेबनीस नुसते नावापुरते असतील आणि लाभ थोरल्याचाच राहणार असेल, तर त्या दोघांनी तसे कंपनीला लेखी कळवावे लागते. तिसरी संचालक म्हणून बहिणीला घेतले, तर त्या नेमणुकीची माहिती ३० दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडे जायला हवी.

एवढे झाले, की १ जूनला संचालक मंडळाची बैठक होते. तिची सूचना सात दिवस आधी द्यायची. बैठकीत नियमावलीचा नवा मसुदा मंजूर होतो आणि सभासदांची सभा बोलावली जाते. सभेसाठी पूर्ण २१ दिवसांची सूचना लागते. सूचना पाठवल्याचा दिवस आणि सभेचा दिवस यांत धरत नाहीत. २ जूनला ई-मेल गेली, तर सभा लवकरात लवकर २४ जूनला. बदल का करायचा, हे सांगणारे निवेदन सूचनेसोबतच जायला हवे.

सभेत विशेष ठराव लागतो, म्हणजे बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट. शेअरनुसार मतदान झाले आणि एकट्या बहिणीने विरोध केला, तर ८ लाख विरुद्ध २ लाख, ठराव पास. पण धाकटा भाऊ अडून बसला, तर ७ लाख विरुद्ध ३ लाख होतात, तिप्पट भरत नाही आणि सगळे तिथेच थांबते. तीस टक्के हातात असलेला माणूस घरातला असला, तरी त्याच्याशी आधी बोलून घ्यावे ते यासाठी.

खरे काम आहे ते नियमावलीच्या मसुद्यात. तीन बंधने खोडली, की झाले, असे समजणारे इथे फसतात. घरच्या कंपन्यांच्या नियमावलीत सहसा आणखीही कलमे असतात. शेअर विकायचे तर आधी घरच्यांना विचारावे, हे एक. कारण न देता हस्तांतर नाकारण्याचा मंडळाचा अधिकार, हे दुसरे. ही कलमे मागे राहिली, तर एका पानावर कंपनी पब्लिक आणि दुसऱ्या पानावर प्रायव्हेट, असा विसंगत दस्तऐवज तयार होतो. पब्लिक कंपनीचे शेअर मुक्तपणे हस्तांतर करता येतात, असे कायदाच म्हणतो. तरी भावंडांना एकमेकांना पहिला हक्क द्यायचा असेल, तर ते आपसात स्वतंत्र करार करू शकतात. तो करार म्हणून बजावता येतो.

कोरमही बदलतो. प्रायव्हेट कंपनीच्या सभेला दोन सभासद हजर असले तरी भागते. हजारापर्यंत सभासद असलेल्या पब्लिक कंपनीला पाच लागतात. ‘दोघे भाऊ तहहयात संचालक राहतील’ हे कलमही टिकत नाही. स्वतंत्र संचालक सोडून बाकीच्यांपैकी किमान दोन तृतीयांश आळीपाळीने निवृत्त होणारे असावे लागतात. तिघांत दोघे तसे हवेत, म्हणजे कायम राहू शकतो तो एकच. उरलेल्या दोघांपैकी एक दर वार्षिक सभेत निवृत्त होईल. सभासदांची इच्छा असेल, तर पुन्हा निवडूनही येईल. मेमोरँडममध्ये मात्र बदल नावापुरताच. ‘प्रायव्हेट’ शब्द गाळायला केंद्र सरकारची वेगळी परवानगी लागत नाही.

सभेनंतर कागद रजिस्ट्रारकडे जातात. विशेष ठरावासाठी MGT-14 हा फॉर्म ३० दिवसांत भरायचा, तर बदललेल्या नियमावलीसह रूपांतराचा INC-27 हा १५ दिवसांत. दुसऱ्या फॉर्ममध्ये पहिल्याचा क्रमांक द्यावा लागत असल्याने व्यवहारात दोन्ही ९ जुलैच्या आतच भरावे लागतात. खात्री पटली, की रजिस्ट्रार जुनी नोंद बंद करून नवे प्रमाणपत्र देतो. कंपनीच्या ओळख क्रमांकातल्या PTC या अक्षरांच्या जागी PLC येते. जुनी कर्जे, देणी आणि करार मात्र जसेच्या तसे चालू राहतात. पाटीवर आणि पत्रांच्या कागदावर पुढची दोन वर्षे नव्या नावासोबत जुनेही छापावे लागते.

यानंतर सवलती जातात. शेअर हस्तांतरित करायचे, तर ते आधी डिमॅट हवेत. भांडवल, राखीव निधी आणि शेअर प्रीमियम यांच्या बेरजेपेक्षा जास्त कर्ज काढायला विशेष ठराव लागतो. भांडवल १० कोटी किंवा उलाढाल १०० कोटी झाली, की किमान दोन स्वतंत्र संचालक नेमावे लागतात. सभासद सातच्या खाली गेले आणि कंपनीने तसाच सहा महिन्यांवर व्यवसाय केला, तर हे ठाऊक असलेल्या सभासदांवर त्यानंतरच्या कर्जाची वैयक्तिक जबाबदारी येते.

परतीची वाटही सोपी नाही. पब्लिकची पुन्हा प्रायव्हेट व्हायचे, तर वर्तमानपत्रात जाहिरात, धनकोंना सूचना आणि केंद्र सरकारच्या प्रादेशिक संचालकांची मंजुरी लागते. म्हणून बाजारात उतरण्याचा किंवा बाहेरून भांडवल उभारण्याचा बेत पक्का नसेल, तर केवळ नाव मोठे दिसावे म्हणून पब्लिक होऊ नये.